ऐंशी टक्क्यांनंतर गन काढा

पुण्याहून सावंतवाडी, कोल्हापूर-आंबोलीमार्गे सुमारे ३६५ किलोमीटर. बॅटरी ४० युनिटची. कराडला एकदाच थांबायचं, बॅटरी फुल करायची, मग पुढे कटकट नाही, असा आमचा बेत होता. चार्जर ६० किलोवॉटचा, म्हणजे पाऊण तासात काम होईल असं वाटलं. जेवण झालं, चहा झाला, तरी स्क्रीनवरचा आकडा ८६ वरून ८७ वर जायला दोन-अडीच मिनिटं घेत होता.

बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच वीज कमी घेते, सेलना त्रास होऊ नये म्हणून. चार्जरवर लिहिलेला आकडा हा तो जास्तीत जास्त किती देईल याचा. गाडी किती घेईल हे तिचं तीच ठरवते. त्यात शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली, तर पुष्कळ चार्जरांवर वीज वाटून जाते. म्हणून हिशेबात ६० नको, सरासरी ३० धरा.

आता तोच प्रवास मांडू. हायवेवर शंभरच्या वेगात माझी गाडी युनिटला साडेपाच किलोमीटर देते. (कंपनीच्या जाहिरातीतली रेंज विसरा. स्वतःच्या गाडीचा आकडा ८० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान किती किलोमीटर गेले त्यावरून काढा.) कराड १६० किलोमीटर, तिथे पोचेपर्यंत २७ टक्के उरतात. तिथून १०० टक्के करायचे तर ८० पर्यंत चाळीस-एक मिनिटं आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आणखी पाऊण तास. गन लावणं, ॲप चालू होणं, पैसे भरणं याची दहा मिनिटं धरून जवळपास शंभर.

त्याऐवजी कराडला ६५ टक्क्यांवर निघा, अर्धा तास. कोल्हापूरला तीसच्या आसपास पोचाल, तिथे ७५ करा, पस्तीस-एक मिनिटं. दोन थांब्यांची दहा-दहा मिनिटं मिळवली तरी पंचाऐंशी-एक मिनिटांत सुटका, आणि सावंतवाडीत पंधराएक टक्के शिल्लक. त्या पंधरांना हात लावायचा नाही. चार्जर बंद असला किंवा पुढे दोन गाड्या रांगेत असल्या, तर त्यांच्यावरच पुढचा चार्जर गाठायचा असतो. त्या रांगेचा वेळ मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही, म्हणून जेवणाच्या वेळी चार्जरवर जाणं मी टाळतो.

परतीला हाच हिशेब उलटा लावू नका. जाताना आंबोलीचा घाट उतार आहे, थोडी वीज परत मिळते. येताना तोच चढायला सपाटीपेक्षा तीन-चार युनिटं जास्त लागतात. त्यासाठी सावंतवाडीत मुक्कामी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावतो. तिथे शंभर टक्के खुशाल करावेत, कारण आपण झोपलेले असतो. फक्त संध्याकाळी लवकर लावावी, बारा तास तरी लागतातच.