वार्षिक अहवालातील 'इतर माहिती' आणि ऑडिटरची जबाबदारी

बी.कॉम. किंवा सीएची तयारी करणाऱ्या मुलांना विचारून पाहा, "संचालकांच्या अहवालात चूक सापडली तर ऑडिटर काय करेल?" बरीच मुलं लगेच म्हणतात, "सर, क्वालिफाइड रिपोर्ट!" हे उत्तर का चुकतं, ते एका उदाहरणातून पाहू.

वार्षिक अहवालात आर्थिक विवरणपत्रांशिवाय संचालकांचा अहवाल, अध्यक्षांचं मनोगत, आलेख असा मजकूर असतो. यालाच 'इतर माहिती' म्हणतात. ऑडिटर तिचं ऑडिट करत नाही, तिच्यावर मतही देत नाही. पण एसए ७२० (सुधारित) नुसार ती वाचणं त्याला बंधनकारक आहे. वाचताना ती विवरणपत्रांशी आणि ऑडिटमध्ये त्याला जे कळलं त्याच्याशी जुळते का, हे पाहायचं.

उदाहरण

समजा, एका कंपनीच्या संचालकांनी लिहिलं, "यंदा आपण कर्ज ४० कोटींवरून २५ कोटींवर आणलं." ताळेबंदात दीर्घ मुदतीचं कर्ज खरंच ४० वरून २५ कोटी झालंय. पण खालची ओळ बघा. अल्प मुदतीचं कर्ज १० वरून २४ कोटींवर गेलंय! म्हणजे एकूण कर्ज ५० चं ४९ कोटी झालं, कमी झालं फक्त १ कोटीने. इथे आकडा खोटा नाही, पण अर्धी गोष्ट गाळल्यामुळे वाचणाऱ्याची दिशाभूल होते. हीसुद्धा चुकीची माहितीच धरतात.

मग ऑडिटरने काय करायचं?

आधी व्यवस्थापनाशी बोलायचं आणि चूक नेमकी कुठे आहे ते शोधायचं: मजकुरात, विवरणपत्रांत, की आपल्याच समजुतीत? इथे ती मजकुरात आहे. तेव्हा व्यवस्थापनाला दुरुस्ती करायला सांगायचं. ते ऐकत नसतील तर विषय संचालक मंडळाकडे किंवा ऑडिट कमिटीकडे न्यायचा. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर ऑडिट रिपोर्टमधल्या 'इतर माहिती' या वेगळ्या परिच्छेदात ती चूक लिहायची. प्रकरण फारच गंभीर असेल आणि कायदा परवानगी देत असेल, तर काम सोडण्याचाही मार्ग आहे.

हा मजकूर रिपोर्टवर सही झाल्यानंतर हाती आला तरी तो वाचावाच लागतो. तेव्हाही दुरुस्ती नाकारली गेली, तर ती चूक भागधारकांच्या लक्षात कशी आणून द्यायची, याचा विचार करावा लागतो. उदाहरणार्थ, सर्वसाधारण सभेत.

आता मुलांच्या उत्तराकडे परत येऊ. ताळेबंद बरोबर आहे, म्हणून त्यावरचं मत स्वच्छच राहतं. चूक विवरणपत्रांतच निघाली आणि ती सुधारली नाही, तरच मत बदलण्याचा प्रश्न येतो.

वर्गात हेच उदाहरण उलटं करून द्या: संचालकांनी एकूण कर्ज ५५ कोटी लिहिलं, ताळेबंदात ४९ आहे आणि बँकेचं पत्र ५५ म्हणतंय. आता चूक कुठे? आणि रिपोर्ट काय होईल?