टोल्यूईनपासून बेन्झोकेन

प्रश्न : टोल्यूईनपासून बेन्झोकेन करताना पायऱ्यांचा क्रम चुकतो. – एक विद्यार्थिनी, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : आरंभ बेन्झोकेनपासूनच करावा. त्यातील एस्टरबंध मनाने तोडला असता एथिल अल्कोहोल व पॅरा-अमिनोबेंझॉइक अम्ल हाती येते. त्या अम्लातील अमिनो गट नायट्रो गटाच्या क्षपणाने आणि अम्लगट मिथिल गटाच्या ऑक्सिडीकरणाने मिळणारा असल्यामुळे, मागे पॅरा-नायट्रोटोल्यूईन व त्याहीमागे टोल्यूईन उभे राहते. खरी गोम क्रमात आहे : ऑक्सिडीकरण सर्वांआधी उरकल्यास अम्लगट येणाऱ्या नायट्रो गटास मेटा स्थानी धाडतो, आणि क्षपण त्याआधी केल्यास परमँगनेट अमिनो गटाचीच वाताहत करते. सबब नायट्रीकरण, ऑक्सिडीकरण, क्षपण आणि अखेरीस एस्टरीकरण. नायट्रीकरणात ऑर्थो समघटकच अधिक बनतो. तो वेगळा केल्याची नोंद उत्तरपत्रिकेत अवश्य दाखल करावी.