‘औरंगाबाद’ म्हणणारी मुलगी बरोबर होती

पैठणच्या आमच्या अभ्यासिकेत मी दर रविवारी चालू घडामोडींची प्रश्नमंजुषा घेतो. मार्च २०२३ मध्ये मी विचारलं, “आपल्या जिल्ह्याचं नाव सांगा.” एक मुलगी म्हणाली, “औरंगाबाद.” मी तिचं उत्तर चूक ठरवलं आणि त्या एका गुणानं तिचा गट हरला. ती बरोबर होती, हे मला नंतर कळलं. त्याची टोचणी अजून आहे.

माझ्या वहीत ‘औरंगाबाद झाले छत्रपती संभाजीनगर’ एवढाच मथळा टिपलेला होता. झालं काय होतं ते नीट बघा. २९ जून २०२२ रोजी मंत्रिमंडळानं ‘संभाजीनगर’ हे नाव मंजूर केलं. सरकार बदललं आणि १६ जुलैला नव्या मंत्रिमंडळानं ‘छत्रपती संभाजीनगर’ असा ठराव केला. म्हणजे पहिलं उत्तर तीन आठवडेही टिकलं नाही. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती मिळून नाव बदललं, पण ते शहराचं. जिल्हा, तालुका या महसुली हद्दींसाठी आधी हरकती मागवल्या गेल्या आणि अंतिम अधिसूचना निघाली सप्टेंबर २०२३ मध्ये. मधल्या सात महिन्यांत शहर एका नावाचं होतं आणि जिल्हा दुसऱ्या.

बातमीत ‘मंजुरी’, ‘निर्णय’, ‘शिक्कामोर्तब’ हे शब्द सरसकट वापरले जातात. म्हणून आता मी आधी विचारतो, हा ठराव आहे, मसुदा आहे की अंतिम अधिसूचना? मग राज्याचा विषय असेल तर शासनाच्या राजपत्रातली मूळ अधिसूचना शोधतो. केंद्राचा असेल तर पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन आणि भारताचं राजपत्र. अधिसूचनेत तीनच गोष्टी वाचायच्या: कोणत्या विभागानं काढली, अंमल कधीपासून, आणि नेमकं काय बदललं. ‘शहर’ आणि ‘जिल्हा’ हा फरक तिथल्या एका शब्दात होता, मी तो वाचलाच नव्हता. चार वर्तमानपत्रांत तेच छापलं म्हणून खात्री होत नाही, कारण बऱ्याचदा चौघांचं मूळ एकाच वृत्तसंस्थेची बातमी असते.

राजपत्रालाही मर्यादा आहे. ते त्याच्या विषयापुरतंच बोलतं. जिल्ह्याचं नाव बदलल्यानंतरही २०२४ च्या निवडणुकीत लोकसभा मतदारसंघ ‘औरंगाबाद’च होता, कारण मतदारसंघांची नावं परिसीमनाच्या आदेशातून येतात.

एमपीएससीच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घेतानाही पुरावा जोडावा लागतो. म्हणून माझ्या मुलांना मी उत्तरासमोर दोन तारखा लिहायला लावतो, अधिसूचनेची आणि आपण तपासल्याची. दुसरी तारीख महिन्याहून जुनी झाली की तो प्रश्न पुन्हा तपासल्याशिवाय विचारायचा नाही. वहीत ‘रेल्वे स्थानक: औरंगाबाद’ अशी ओळ होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीही खोडावी लागली.