होकारानंतरचे मेसेज

बघण्याचा कार्यक्रम होतो, दोन्हीकडून होकार येतो आणि सुपारी फुटायच्या आधीच मुलामुलीचे नंबर एकमेकांकडे जातात. "बोला, ओळख वाढवा," एवढं सांगून मोठी माणसं बाजूला होतात. मेसेजला किती वेळात उत्तर द्यायचं हे कोणी सांगत नाही. ते मग मित्रमैत्रिणी शिकवतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं शिकवतात.

मला आलेलं पहिलं स्थळ शिरूरचं होतं. मुलगा रांजणगाव एमआयडीसीत, मी दौंडला पतसंस्थेत. लगेच उत्तर दिलं की मुलगी डोक्यावर बसते, असं त्याला कोणीतरी पटवून दिलं होतं. हे मला मध्यस्थ मामांकडून फार उशिरा कळलं. तेव्हा दिसायचं ते एवढंच की माझा मेसेज दोन राखाडी टिकांवर तसाच आहे, आणि माझं स्टेटस पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. एका शुक्रवारी मी विचारलं, "रविवारी आईबाबांना घेऊन येताय ना? काकांना सुट्टी टाकायला सांगायचंय." उत्तर आलं शनिवारी रात्री, "बघू." तोवर काकांची रविवारची ड्यूटी लागली होती आणि आईने दोनदा विचारून झालं होतं. पुढे आमच्याकडूनच नकार गेला. गप्पांना उशीर झाला असता तर मला फरक पडला नसता. पण चार माणसांचा दिवस ज्यावर अडला होता, त्या प्रश्नाला त्याने ताटकळत ठेवलं.

ज्याच्याशी लग्न झालं तोही रांजणगाव एमआयडीसीतलाच, फिरत्या शिफ्टचा. त्याचा अगदी सुरुवातीचा मेसेज असा होता: "या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे दुपारपासून रात्रीपर्यंत उत्तर येणार नाही. सकाळी उठल्यावर बोलतो." त्यानंतर दहा-बारा तास काही आलं नाही तरी माझ्या मनात शंका आली नाही. पहिल्या मुलाच्या दोन तासांनी मात्र जीव टांगणीला लागायचा. कारण एकाची गप्प राहण्याची वेळ मला माहीत होती, दुसऱ्याची नव्हती.

म्हणून सुरुवातीलाच आपला दिवस सांगून टाका. कुरकुंभच्या कित्येक केमिकल कंपन्यांत मोबाइल प्लँटमध्ये नेता येत नाही. शेतकऱ्याच्या घरात रात्रीची लाईट आली की उसाला पाणी द्यायला जावं लागतं. समोरच्याला हे आपोआप कळणार नाही. शिफ्ट बदलली की नवी वेळही कळवा.

मग मेसेजचे दोन भाग करा. ज्यावर कोणाचं काही अडलंय, म्हणजे भेटीचा दिवस, पाहुण्यांची संख्या, पत्रिकेची वेळ, त्याला मोकळं होताच उत्तर द्या. उत्तर तयार नसेल तर तसं सांगा, पण मुदत घालून: "बाबा मार्केट यार्डातून संध्याकाळी येतात, त्यांना विचारून नऊपर्यंत सांगते." मुदत दिली की ती पाळा. नऊला बाबा आलेच नसतील तर नऊलाच तेवढं कळवा. बाकीच्या गप्पा त्या दिवसात कधीही चालतात. त्यासाठी हातातलं काम टाकू नका, आणि मोकळे असताना मुद्दाम घड्याळ बघत बसूही नका. सुरुवातीला हौसेने मिनिटामिनिटाला उत्तर दिलं तर तीच सवय गृहीत धरली जाते. मग कामाच्या दिवसातला साधा उशीरही रुसव्यासारखा वाटतो.

टिकांवरून निकाल देऊ नका. एक टिक म्हणजे मेसेज अजून फोनवर पोचलेला नाही. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल. नोटिफिकेशनमध्ये वाचलं तर टिक निळी होत नाही, आणि धाकट्या बहिणीने फोन उघडला तरी ती निळी होते. निळ्या टिका सेटिंगमधून बंद करता येतात, पण मग समोरच्याच्याही दिसत नाहीत. नव्या ओळखीत मध्येच त्या बंद केल्या तर कारण सांगितलेलं बरं.

खरी अनास्था वेगळ्या जागी दिसते. उशीर झाल्यावर माणूस सुटलेल्या प्रश्नाकडे आपणहून परत येतो का? "कालचं राहिलं, आजीचं ऑपरेशन नीट झालं का?" असं विचारणाऱ्याचा उशीर हा फक्त उशीर असतो. नेहमी तुम्हीच विचारताय, समोरून "हो", "बघू", "जेवलीस का" याच्या पुढे काही येत नाही, आणि हे कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी सारखंच चाललंय, तर एकदा फोन करून सरळ विचारा: "घरच्यांनी होकार दिलाय, तुमचाही आहे ना?" सुपारी फुटायच्या आधी हा प्रश्न विचारणं अवघड वाटतं, पण सोपं आहे. सुपारी फुटली की दोन्ही घरांचा खर्च आणि मान त्यात अडकतो.