नोटिशीला फोटो पुरत नाहीत

प्रश्न: शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आमचा छोटा न्यास वह्या-दप्तरे वाटतो. १२एबी नोंदणीच्या नूतनीकरणात कार्याचा पुरावा मागणारी नोटीस आली आहे. फोटो चालतील?

उत्तर: एकटे फोटो नाही. त्यांत वाटप दिसते, पैसा दिसत नाही. आयकर आयुक्तांना मात्र खर्च खरा आहे का आणि न्यासपत्रातल्या उद्देशात बसतो का, हे पाहायचे असते. म्हणून एकेका वाटपाची साखळी जुळवा: उद्देशाचे कलम, दुकानदाराचे बिल, बँकेतली नोंद, मुख्याध्यापकांची पोच आणि लेखापरीक्षित हिशेबातला आकडा. पाड्यावर सामान नेणारा जीपवाला बिल देत नाही, असे म्हणाल; मग त्याची सही असलेली पावती रोखवहीतल्या तारखेशी जुळू द्या. ती मागाहून बनवू मात्र नका. कागद गोळा व्हायचे असतील तर पोर्टलवर मुदतीआधीच वाढीव वेळ मागा. गप्प राहिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.