एक प्रोजेक्ट, एक जाहिरात आणि मधलं पत्र

सॉफ्टवेअर कंपनीत अर्ज करताना कव्हर लेटर मागतात तेव्हा आपण बहुतेक वेळा रेझ्युमेच वाक्यांत लिहून काढतो: मी मेहनती आहे, मला अमुक भाषा येतात, संधी द्यावी. वाचणाऱ्याला हे रेझ्युमेत दिसतंच. पत्राने सांगायचं असतं ते वेगळं. तुमचा एक प्रोजेक्ट आणि त्यांचं काम यांत नेमकं काय सारखं आहे, ते. माझ्या स्वतःच्या अर्जावरूनच हे दाखवतो.

जाहिरात पुण्यातल्या एका लहान कंपनीची होती. दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी. फ्रेशरकडून तीन गोष्टी हव्या होत्या: एसक्यूएल, थोडी जावा आणि ग्राहकाची अडचण ऐकून समजून घेणं. मी आधी या तीन ओळी वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीसमोर माझ्या प्रोजेक्टमधला एकच प्रसंग लिहिला. समोर काही लिहिता आलं नसतं, तर ती गोष्ट पत्रात घेतलीच नसती.

आमचा प्रोजेक्ट बीसीएच्या शेवटच्या वर्षाचा, तिघांचा. इथल्या, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या, एका पावरलूम कारखान्यातल्या मजुरीचा हिशेब. कोणत्या लूमवर, कोणत्या पाळीत, कोणी किती मीटर कापड विणलं याची चिठ्ठी बनते आणि मुनीमजी ती भरतात. एकच चिठ्ठी दोनदा भरली गेली, तर 40 मीटरचे 80 होतात आणि मजुरी दुप्पट निघते.

हे थांबवायला फॉर्ममध्ये ‘ही चिठ्ठी आधी आहे का’ असं तपासणं पुरत नाही. दोन कॉम्प्युटरवर दोघांनी तीच चिठ्ठी एकाच क्षणी भरली, तर दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोन्ही नोंदी आत जातात. म्हणून नियम डेटाबेसमध्येच हवा. लूम, तारीख आणि पाळी एवढ्यावर नियम लावायचा विचार होता. त्याआधी मुनीमजींना विचारलं. ते म्हणाले, “कधीकधी अर्ध्या पाळीत कारागीर बदलतो, तेव्हा एका लूमच्या दोन चिठ्ठ्या खऱ्याच असतात.” म्हणून कारागिराचा नंबरही नियमात घेतला:

```sql
UNIQUE (loom_no, work_date, shift, worker_id)
```

आता दुवा बघा. दुकानात ‘सेव्ह’ दोनदा दाबलं आणि बिल दोनदा नोंदलं गेलं, तर तो दोष आमच्या चिठ्ठीचाच आहे. कंपनीचं काम आणि माझं काम इथे भेटतात. पत्रातला मुख्य परिच्छेद मी याच वाक्यावर उभा केला. पत्र अर्थातच इंग्रजीत गेलं, पण मजकूर असा होता:

“आपल्याला एसक्यूएल येणारा आणि ग्राहकाचं ऐकून घेणारा माणूस हवा आहे. आमच्या तिघांच्या प्रोजेक्टमध्ये पावरलूमच्या मजुरीची एकच चिठ्ठी दोनदा नोंदली जाण्याचा धोका होता. डेटाबेसचा भाग माझ्याकडे होता. मुनीमजींशी बोलून मी लूम, तारीख, पाळी आणि कारागीर या चौघांवर नियम लावला, आणि दोन कॉम्प्युटरवरून तीच चिठ्ठी एकदम भरून पाहिली. दुसरी नोंद नाकारली गेली. बिल दोनदा नोंदलं जाणं हा याच जातीचा प्रश्न आहे. लूमचा नंबरच चुकीचा लिहिला, तर मात्र हा नियम ते पकडत नाही. जावामध्ये मी फक्त नोंदीचा फॉर्म लिहिला आहे.”

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. पहिली, ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळे ठेवलेत. ग्रुप प्रोजेक्ट असला की मुलाखतीत पहिला प्रश्न ‘यात तुझं काय’ हाच येऊ शकतो, आणि पत्रात सगळंच ‘मी’ असेल तर तिथे अडकायला होतं. दुसरी, काम झालं हे कसं तपासलं ते लिहिलंय. ‘यशस्वीरीत्या बनवलं’ या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तिसरी, नियमाची मर्यादा आणि जावा किती येते हे आपणहून सांगितलंय. त्यामुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

वर कोणत्या पदासाठी अर्ज आहे ती एक ओळ, खाली कधीपासून रुजू होता येईल ती एक ओळ. पत्र एका पानाच्या आत संपतं.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. कंपनीचं नाव खोडून दुसऱ्या कंपनीचं घाला. पत्र तसंच चालत असेल, तर दुवा अजून लिहिलेला नाही. माझं पत्र गेम बनवणाऱ्या कंपनीला पाठवलं असतं, तर ‘बिल’ या शब्दाशीच अडलं असतं. तिथे त्याच प्रोजेक्टमधला दुसरा प्रसंग शोधावा लागला असता, किंवा दुसरा प्रोजेक्टच.