नोकरीचा दाखला मागताना

बंगळुरूत आयटीत नोकरी करताना मी हा दाखला कधी गृहकर्जासाठी, कधी जर्मनीच्या व्हिसासाठी मागितला आहे. टीममधल्या मुलांनाही मागून दिला आहे. त्यातून ठरलेल्या या काही गोष्टी.

1. ‘एचआर’ला नुसतं ‘एम्प्लॉयमेंट लेटर हवंय’ असं कळवलं, की ठरावीक साच्यातलं तीन ओळींचं पत्र येतं: हे आमच्याकडे अमुक तारखेपासून अमुक पदावर आहेत, बस्स. ते चुकीचं नसतं, पण बहुधा अपुरं ठरतं. कारण बँकेला आणि कॉन्सुलेटला वेगवेगळी शंका असते. माणूस पुढची वीस वर्षं हप्ते भरेल का, हा बँकेचा प्रश्न. म्हणून तिला नोकरी कायम आहे का, प्रोबेशन संपलं का, राजीनामा देऊन नोटीस पिरियडवर तर नाही ना, हे हवं असतं. कॉन्सुलेटला चिंता असते माणूस परत येईल का याची. तिथे मंजूर रजेच्या तारखा लागतात. दोन्हीकडे एकच पत्र चालवू नका. आधी त्यांची कागदपत्रांची यादी घ्या आणि ईमेलमध्ये हवे ते मुद्दे स्वतः लिहून द्या. आयता मजकूर दिला की एचआरचंही काम सोपं होतं.

2. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कंपनीच्या नोंदीत मात्र नाव आणि आडनाव एवढंच. लग्न झालेल्या मुलींची अडचण याहून मोठी. आमच्या टीममधल्या कोल्हापूरच्या एकीच्या पासपोर्टवर सासरचं आडनाव होतं, पगारपत्रकावर माहेरचं. कंपनीची नोंद बदलायला वेळ लागणार होता. तेव्हा पत्रातच एक वाक्य घालून घेतलं की ही दोन्ही नावं एकाच कर्मचाऱ्याची आहेत, आणि पुढे एम्प्लॉयी क्रमांक व पासपोर्ट क्रमांक दिले. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला. काम झालं.

3. पगाराचा आकडा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा पत्रात ‘वार्षिक सीटीसी 18 लाख’ एवढंच लिहिलंय. वाचणारा 12 ने भागतो आणि महिना दीड लाख धरतो. बँक स्टेटमेंटमध्ये मात्र दरमहा एक लाख नऊ-दहा हजारच जमा होतात. मग विचारणा येते. खरं तर लपवाछपवी कुठेच नसते. त्या 18 लाखांतले 1 लाख 80 हजार कामगिरीवर अवलंबून, वर्षाअखेरीस मिळणारे. मूळ पगार 7 लाख 20 हजार धरला तर कंपनीचा पीएफचा 12 टक्के हिस्सा 86,400 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 35 हजार. हे वजा केलं की निश्चित पगार महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास उरतो. त्यातून आपला पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस कापून उरलेलं खात्यात येतं. म्हणून पत्रात सीटीसीबरोबर दरमहा ग्रॉस पगार लिहून मागा, आणि तो सॅलरी स्लिपवरच्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळवून पाहा.

4. शेंगेन व्हिसाच्या पत्रात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर आहे, सहल खासगी आहे, कंपनीची हरकत नाही आणि अमुक दिवशी कामावर हजर होणार, हे स्पष्ट असावं. तारखा विमानाच्या आरक्षणाशी आणि प्रवास विम्याशी जुळल्या पाहिजेत. रजेची मंजुरी आधी पोर्टलवर घ्या, मॅनेजरच्या तोंडी ‘हो’वर एचआर पत्र देत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तरी करावा लागतो, त्यामुळे पत्रासाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

5. पोर्टलवरून डाउनलोड होणाऱ्या पत्राखाली ‘संगणकनिर्मित, सहीची गरज नाही’ असं छापलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवू नका. लेटरहेड, तारीख, सही, सही करणाऱ्याचं नाव व पद आणि शिक्का मागा. कंत्राटावर असाल तर पत्र पगार देणाऱ्या कंपनीचं हवं, ज्यांच्या ऑफिसात बसता त्यांचं नव्हे. स्टेटमेंटमध्ये पगार जमा करणारी म्हणून तिचंच नाव दिसतं.

6. पत्रावर एचआरचा लँडलाइन नंबर आणि कंपनीच्या डोमेनचा ईमेल असू द्या, आणि पडताळणीचा फोन येईल हे त्यांना आधीच सांगून ठेवा. मोठ्या कंपन्यांत फोन बोर्डावर जातो आणि तिथला माणूस ‘माहिती देता येत नाही’ म्हणून ठेवून देतो. तेवढ्यावर फाइल अडते आणि बँक तुम्हाला ते कळवेलच असं नाही. चार दिवसांत फोन आला नाही, तर बँकेत जाऊन स्वतः विचारा.